बहुधा रतनगड

फोटो कुठला आहे हे पक्कं ठाऊक नसेल तर त्याखाली ठिकाण लिहूच नये, असं माझं बरीच वर्षं मत होतं. मत कसलं, हट्टच. पावसाळा लागला की फोनवर येणारा प्रत्येक धबधबा देवकुंडचा होतो, ढगात बुडालेला प्रत्येक कडा हरिश्चंद्रगडाचा होतो, हे बघून बघून तो हट्ट पक्का झाला होता. आपण त्या गर्दीत भर घालायची नाही. खात्री असेल तर नाव, नाहीतर ‘सह्याद्री’ एवढा एक शब्द आणि पुढे पूर्णविराम.

त्या पूर्णविरामाचा मला थोडा अभिमानही होता, हे कबूल करायला हरकत नाही. ‘कदाचित’, ‘असावा’, ‘वाटतो’ असले शब्द कॅप्शनमध्ये दिसले की लिहिणाऱ्याने कष्ट टाळले असं मला वाटायचं. एक तर शोधून काढावं, नाहीतर गप्प बसावं. आता मी याच्या नेमकं उलट सांगत असते: खात्री नसेल तेव्हाच कॅप्शन लांब लिहा, आणि किती खात्री नाही ते नीट लिहा. मत फिरलं ते मामाच्या निगेटिव्हांमुळे.

मामा आणि त्याचे मित्र १९८० च्या दशकात डोंगरात भटकायचे. तो गेल्यावर त्याच्या कपाटातून रंगीत निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या निघाल्या, बटर पेपरच्या पाकिटांत. पाकिटांवर काही लिहिलेलं नाही. पट्ट्या स्कॅन करून घेतल्या आणि एकेक फोटो टाकायला सुरुवात केली. त्यातला एक फोटो सगळ्यांना फार आवडला: कातळाला आरपार पडलेलं भोक, त्यात पाय सोडून बसलेले चार तरुण, मागे धुरकट आकाश. डोंगरातली माणसं अशा भोकाला नेढं म्हणतात. मी नियमाप्रमाणे ‘सह्याद्री’ लिहून मोकळी झाले.

काही आठवड्यांनी तोच फोटो फिरत फिरत माझ्याकडे परत आला. आता त्याच्याखाली एका किल्ल्याचं नाव होतं, सालही होतं, आणि दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. ज्याने कोणी ते लिहिलं त्याच्यावर मी आधी चिडले, मग नाही. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो, आणि भरताना त्याला सगळ्यांत प्रसिद्ध नाव आधी सुचतं. नेढी काही एकदोन नाहीत. रतनगडाच्या माथ्यावर आहे, राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे, इर्शाळगडाच्या सुळक्यात आहे, सप्तशृंगीच्या बाजूला कण्हेरगडावर आहे, मोहनदरला आहे. पण फोटो फिरायला लागला की या सगळ्यांची मिळून एक किंवा दोनच नेढी उरतात.

मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या अनोळखी माणसाकडे पुरावा काहीच नव्हता, म्हणून त्याने अंदाज ठोकला. माझ्याकडे मात्र पुरावा होता. निगेटिव्हची अख्खी पट्टी माझ्या टेबलावर पडलेली होती. मी जे गप्प बसणं प्रामाणिकपणाचं समजत होते, त्यात मला ठाऊक असलेल्या गोष्टीही गिळल्या जात होत्या. ‘माहीत नाही’ आणि ‘थोडं माहीत आहे’ यांतला फरक माझा तो एक शब्द पुसून टाकत होता.

म्हणून ती पट्टी मी पुन्हा काढली. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या कडेला, भोकांच्या रांगेशेजारी, कंपनीचं नाव आणि प्रत्येक चौकटीचा आकडा छापलेला असतो. लॅबकडून येणाऱ्या फाइलींचे क्रमांक हा स्कॅन केल्याचा क्रम. कडेचे आकडे हा फोटो काढल्याचा क्रम. दोन्ही एकच असतील असं नाही, म्हणून भरवसा ठेवायचा तो कडेच्या आकड्यांवर. नेढ्याचा फोटो होता १७ नंबरचा. त्याच पट्टीवर १४ ला एक कोरीव शिखराचं दगडी मंदिर होतं. ते ओळखायला वेळ लागला नाही: रतनवाडीचं अमृतेश्वर, रतनगडाच्या पायथ्याचं. १५ ला कोणाची तरी पाठ, १६ ला एक जण हातात भाकरी घेऊन बसलेला.

इथपर्यंत सोपं होतं. पण पुढच्या पट्टीवर, २१ ला, तळ्याकाठी बसलेली मंडळी आणि त्यांच्यामागे चढत गेलेला बालेकिल्ला. ते राजगडाचं पद्मावती तळं. म्हणजे नेढ्याच्या फोटोच्या अलीकडे रतनगड, पलीकडे राजगड, आणि दोन्ही किल्ल्यांवर नेढं!

आजच्या पिढीला सांगावं लागेल की छत्तीस फोटोंचा रोल त्या काळी एका सहलीत संपायचा नाही. तो पुरवून वापरायचा. गणपतीत घातलेला रोल शिमग्याला धुवायला जायचा. त्यामुळे शेजारच्या चौकटी एकामागून एक काढल्या, एवढंच त्या सांगतात. एकाच दिवशी काढल्या असं नाही. १७ नंबरचा फोटो पहिल्या सहलीचा शेवट असू शकत होता, तसाच दुसऱ्या सहलीची सुरुवात.

मग कपडे. १६ मधल्या भाकरीवाल्याचा चौकड्यांचा शर्ट १७ मध्येही होता. मला वाटलं, झालं काम. मामाचे मित्र बापूकाका अजून आहेत, त्यांना घरी जाऊन फोटो दाखवला.

“काका, हे रतनगडाचं नेढं वाटतंय. शर्ट बघा, दोन्हीकडे तोच आहे.”

“अगं, डोंगरात घालायला तेव्हा एकच शर्ट असायचा माणसाकडे,” काका म्हणाले. “आणि हे राजगड आहे. मधमाश्यांनी मला फोडून काढलं होतं तिथे. तुझा मामा हसत होता.”

राजगडाच्या नेढ्यापाशी आग्या मोहळं असतात, हे तिकडे जाणारा कोणीही सांगेल. काकांना मधमाश्या चावल्या असणार यात मला शंका नव्हती. प्रश्न होता तो याच फोटोच्या दिवशी चावल्या का. आठवणीत घटना पक्की असते, पण ती भलत्याच फोटोला जाऊन चिकटते. साक्ष घ्यायची, लिहून ठेवायची, पण तिच्या एकटीच्या जोरावर निकाल द्यायचा नाही.

निकालाच्या जवळ नेलं ते एका अंगठ्याने. स्कॅन मोठा करून बघताना दिसलं की १६ मध्ये भाकरी धरलेल्या हाताच्या अंगठ्याला फडक्याची पट्टी गुंडाळलेली आहे. १७ मध्ये नेढ्यात बसलेल्या त्याच माणसाने गुडघ्यावर हात ठेवलाय आणि अंगठ्याला तीच पट्टी आहे, सुटलेलं टोकही त्याच बाजूला. शर्ट वर्षभर तोच असू शकतो, चिंधीची गाठ नाही. म्हणजे १६ आणि १७ एकाच वेळचे. २१ मध्ये तोच माणूस आहे आणि अंगठा मोकळा आहे. फक्त १४ आणि १६ यांच्यात असा पक्का सांधा सापडला नाही. मंदिराच्या फोटोत माणसंच नाहीत.

आता एवढं सगळं हाताशी असताना ‘सह्याद्री’ लिहिणं मला जमेना, आणि ‘रतनगड’ असं सरळ लिहिणंही जमेना. मी लिहिलेलं कॅप्शन असं होतं:

‘बहुधा रतनगडाचं नेढं (ता. अकोले), त्यात बसलेले चौघे. त्याच फिल्मवर तीन फोटो आधी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आहे. मधल्या फोटोतल्या माणसाच्या अंगठ्याची पट्टी याही फोटोत दिसते. सोबतच्या एकाच्या आठवणीप्रमाणे हे राजगडाचं नेढं आहे, आणि पुढच्याच पट्टीवर राजगडाचा फोटो असल्याने ती शक्यता उरते. काळ १९८० चं दशक. साल ठाऊक नाही.’

फोटोखाली एवढं वाचतं कोण, असं मला घरातूनच विचारलं गेलं. सगळे वाचत नाहीत, खरं आहे. पण ज्याला नेढी ठाऊक आहेत तो वाचतो, आणि मला तोच हवा होता. या कॅप्शनमधलं प्रत्येक वाक्य वेगळं काम करतं. पहिल्यात अंदाज आहे आणि त्या अंदाजाची पायरी आहे. चौघे बसलेत हे तर कोणीही नाकारणार नाही, डोळ्याला दिसतंच आहे. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अंदाजाचा आधार आहे. चौथ्यात माझ्याविरुद्ध जाणारी गोष्ट आहे, आणि ती गाळायचा मोह सगळ्यांत जास्त होतो. शेवटच्या दोन वाक्यांत काळ आहे, आणि तोही माझ्या खात्रीइतकाच ढोबळ. ‘१९८४ च्या सुमारास’ असं लिहिलं असतं तर ते जास्त अभ्यासपूर्ण दिसलं असतं, पण ८४ हा आकडा मी आणला कुठून हे मला सांगता आलं नसतं. साल ठाऊक नसेल तर दशक लिहावं. ‘सुमारास’ या शब्दामागे लपून नेमका आकडा आत घुसवणं ही चलाखी आहे.

आधार लिहिण्याचा फायदा मला वाटला होता त्यापेक्षा लवकर कळला. एका अनोळखी वाचकाचा निरोप आला. किल्ल्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की चौघांपैकी तिघांच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूला कसा?

पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. एखाद्याचा उजवीकडे असला तर शिंप्याची लहर म्हणता येईल, तिघांचा असेल तर फोटो उलटा आहे. मी निगेटिव्ह पुन्हा उजेडासमोर धरली. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे करून धरली की कडेची अक्षरं सुलट वाचता येतात, आणि तेव्हाच चित्रही सुलट असतं. लॅबमध्ये पट्टी दुसऱ्या बाजूने घातली गेली होती, आणि स्कॅनमध्ये कडा कापलेल्या असल्याने अक्षरं दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मंदिराचा फोटोही उलटाच आला होता, पण समोरून काढलेलं शिखर दोन्हीकडून बरंचसं सारखं दिसतं, त्यामुळे लक्षात आलं नाही. जुन्या फोटोंच्या बाबतीत ही तपासणी मी आता सगळ्यांत आधी करते. पाटी असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर शर्टाचा खिसा बघायचा, पदर कोणत्या खांद्यावर आहे ते बघायचं, मनगटावरचं घड्याळ बघायचं. एकावर विसंबायचं नाही, दोनतीन खुणा एकाच बाजूला झुकल्या की मग मानायचं.

उलट्याचा सुलटा झाल्यावर नेढ्याची कड ताडून बघता आली. कातळाची कड चाळीस वर्षांत फारशी बदलत नाही. वरच्या कमानीतला कोनाडा, एका बाजूला सुटलेलं बोट, खालचा उतार, हे आजच्या फोटोंशी जुळवता येतं. पण नेढ्याच्या बाबतीत एक गंमत आहे. ते आरपार असतं. एका बाजूने काढलेल्या फोटोत जो कोनाडा डावीकडे दिसतो तो पलीकडून काढलेल्या फोटोत उजवीकडे दिसतो. म्हणजे उलटा छापलेला फोटो आणि दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो यांची बाह्यरेषा सारखीच येऊ शकते. माझा आधीचा गोंधळ यातूनच आला होता: उलट्या स्कॅनची कड रतनगडाच्या एका बाजूच्या फोटोंशी जुळते असं वाटायचं, पण मागचा देखावा मात्र पलीकडच्या बाजूचा असावा तसा. कड आणि देखावा यांचं भांडण मिटलं ते चित्र सुलटं केल्यावर. राजगडाच्या फोटोंशी दोन्ही बाजूंनी ताडलं, तिथे कमानच वेगळी. खालचा अर्धा भाग मात्र चौघांनी झाकला आहे, तिथलं काही सांगता येत नाही.

मी कॅप्शनमधला ‘बहुधा’ काढला, फोटो सुलटा करून बदलला, आणि का बदलला तेही एका ओळीत लिहिलं. बापूकाकांची साक्ष तशीच ठेवली. ‘कड जुळली म्हणे! माश्या तुला चावल्या की मला?’ हा त्यांचा प्रश्न अजून कायम आहे.

या सगळ्यातून शब्दांचा एक हिशोब मी स्वतःपुरता ठरवून टाकला आहे. ज्याचा पुरावा दुसऱ्याला दाखवता येईल त्याच्यापुढे काही लावायचं नाही, नुसतं नाव. एक तरी ठोस खूण बाजूने असेल आणि विरोधातलं काही जड नसेल तर ‘बहुधा’. नुसता भास असेल तर ‘कदाचित’, आणि ‘कदाचित’ लिहायचं तर सोबत दुसरं एक नावही द्यायचं. दुसरं नाव सुचतच नसेल तर याचा अर्थ आपण शोधलं नाही, पहिलं आठवलं त्यावर थांबलो. त्याहून कमी ठाऊक असेल तर प्रदेश मोठा करत जायचा: किल्ला नाही तर तालुका, तालुका नाही तर डोंगररांग. ‘अकोले-इगतपुरीच्या बाजूचा डोंगर’ हे ‘सह्याद्री’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं, आणि त्यात खोटं काही नाही.

शब्द कोणते यापेक्षा ते बसतात कुठे हे महत्त्वाचं ठरतं, कारण कॅप्शनची कापाकापी फार होते. इन्स्टाग्रामवर सुरुवातीचा तुकडा दिसतो आणि बाकीचं ‘more’ दाबल्याशिवाय उघडत नाही. तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द नावाच्या आधी आणि पहिल्याच वाक्यात हवा. ‘रतनगडाचं नेढं’ अशी सुरुवात करून शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ म्हटलं, तर निम्म्या लोकांपर्यंत फक्त रतनगड पोहोचतो. मी अशी कॅप्शनं पाहिली आहेत, चांगल्या मनाने लिहिलेली. शंका तळाला ठेवली की ती कोणाच्या नजरेलाच पडत नाही.

हॅशटॅगचंही तसंच. #रतनगड या खुणेपुढे ‘बहुधा’ लावता येत नाही. ती लावली की तुमचा संशयित फोटो खऱ्याखुऱ्या रतनगडाच्या फोटोंच्या रांगेत जाऊन बसतो, आणि उद्या कोणीतरी त्याच रांगेवरून आपला फोटो ताडून बघतो. लोकेशनचा टॅग याहून वाईट, कारण तिथे यादीतलं एक ठिकाण निवडायचं असतं, शंकेला खिडकीच नसते. संशय असेल तर दोन्ही सोडून द्यावं. फार तर जिल्ह्याचा टॅग लावावा, बाकीचं कॅप्शनमध्ये बोलावं.

व्हॉट्सअॅपवर तर फोटो पुढे पाठवताना कॅप्शन सहज गळतं, कोणी उतरवून घेऊन पुन्हा टाकला तर गळतंच. त्यावर मला एकच उपाय सापडला. फोटोच्या खाली पांढरी पट्टी जोडायची आणि तिच्यातच लिहायचं: ‘बहुधा रतनगड. नक्की नाही.’ फोटोवर नाही, फोटोखाली. फोटोवर लिहिलं तर नेमकी कड झाकली जाते. कोणी ती पट्टीही कापेल, कापो. त्याला निदान कात्री चालवावी लागेल.

फोनवरच्या फोटोंचं काय, त्यात तर ठिकाण आपोआप येतं, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, एक उदाहरण देते. सिंहगडावर उभं राहून नैर्ऋत्येला दिसणाऱ्या राजगड-तोरण्याचा फोटो काढा. फोन लिहिणार सिंहगड. तो कॅमेऱ्याची जागा लिहितो, समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. काही जण हे आठवून ठिकाण बदलतात आणि ‘राजगड’ करतात, मग वाचणाऱ्याला वाटतं की फोटो राजगडावरून काढलाय. ‘सिंहगडावरून दिसणारे राजगड आणि तोरणा’ असं लिहिलं की भांडण संपतं. उभं कुठे होतो आणि बघत काय होतो या दोन गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्यांतली एकच पक्की असते. एसटीच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत वाट पक्की असते, डोंगर नसतो: ‘घोटीहून भंडारदऱ्याला जाताना दिसलेला सुळका, नाव ठाऊक नाही’ हे पूर्ण प्रामाणिक कॅप्शन आहे.

शिवाय फोनची जागाही चुकते. दरीत, दाट झाडीत किंवा रेंज नसताना उपग्रहाची जुळणी झाली नाही तर फोन शेवटची आठवत असलेली जागा लिहून मोकळा होतो. ओळखायची खूण सोपी आहे: तासभर चालल्यावरही ओळीने सगळ्या फोटोंचे अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत तेच असतील तर ती जागा शिळी आहे. आणि ज्यांना अक्षांश-रेखांशच द्यायचे असतील त्यांनी दशांशाकडे बघावं. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे दशांशानंतर दोन आकडे लिहिले तर किलोमीटरभराचा दावा, चार लिहिले तर दहा-अकरा मीटरचा. डोंगर कोणता हेच ठाऊक नसताना सहा आकडे चिकटवणं म्हणजे टोपीवरून माणसाचं नाव, गाव आणि गोत्र सांगण्यातला प्रकार.

ठिकाण न लिहिण्याचं एक कारण मला अजूनही पूर्ण मान्य आहे. कंदीलपुष्पाच्या एखाद्या दुर्मीळ जातीचा फोटो असेल, घुबडाचं घरटं असेल, तर जागा सांगूच नये. पण तेव्हा ‘ठिकाण मुद्दाम सांगत नाही’ असं लिहावं. नुसतं रिकामं सोडलं तर ते न कळल्यासारखं दिसतं, आणि भल्या हेतूने कोणीतरी शोधून जागा लिहितो. ठाऊक नसणं आणि सांगायचं नसणं, ही दोन वेगळी रिकामपणं आहेत.

आणि एका बाबतीत माझं मत मुळीच फिरलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. त्यानंतर दर पावसाळ्यात नदी थोडी चढली की त्या पुराचे फोटो नव्याने फिरायला लागतात, कधी दुसऱ्याच गावाच्या नावाने. नेढ्याचा फोटो चुकला तर बापूकाका रागावतात. पुराचा चुकला तर पुण्यात नोकरी करणारा मुलगा रात्री गावी फोन लावत बसतो, आणि त्याचा फोन लागत नाही. तिथे ‘बहुधा’चा काही उपयोग नाही. घाबरलेला माणूस गावाचं नाव वाचतो, त्याच्या आधीचा शब्द वाचत नाही. पूर, दरड, आग, दंगल, अपघात: यातला फोटो कुठला आणि कधीचा हे दोन्ही पक्कं नसेल तर तो मी टाकत नाही, पुढे पाठवत नाही, आणि मला कोणी पाठवला तर ‘कुठला? कधीचा? तुम्ही स्वतः काढलात का?’ एवढं विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ग्रुपवर आला होता.’